हाऊएव्हर, मोअरओव्हर, व्हेअरॲज आणि नेव्हरदलेस : निबंधात कोणता शब्द नेमके काय सांगतो?

स्वाती_ऐरोली

नमस्कार. माझा भाचा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेची तयारी करत आहे. त्यातल्या निबंधाच्या प्रश्नपत्रिकेत तीन तासांत दोन निबंध लिहावे लागतात आणि ती २५० गुणांची असते. तो इंग्रजीतून लिहितो. ज्या वर्गाला तो जातो तेथे त्याला असे सांगण्यात आले की प्रत्येक वाक्याच्या आरंभी एक जोडणारा शब्द असला म्हणजे निबंध बांधेसूद वाटतो. त्याने ते मनावर घेतले आणि आता त्याचा परिच्छेद वाचताना मला सारखी ठेच लागते, परंतु नेमके कोठे बिघडले आहे ते सांगता येत नाही. त्याच्या अनुमतीने एक परिच्छेद येथे देत आहे. वाक्ये मराठीत करून दिली आहेत, जोडशब्द तेवढे त्याचे मूळचे ठेवले आहेत.

"ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. मोअरओव्हर, २०२२ मध्ये या क्षेत्राला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मोअरओव्हर, खाडीच्या दोन्ही काठांवर दाट लोकवस्ती आणि कारखाने आहेत. हाऊएव्हर, शहरांचे सांडपाणी खाडीत मिसळते. नेव्हरदलेस, फ्लेमिंगो दरवर्षी हजारोंच्या संख्येने येतात. व्हेअरॲज, नेरूळकडच्या काही पाणथळ जागा अभयारण्याच्या बाहेर आहेत."

व्याकरणाच्या पुस्तकात हे शब्द दोन गटांत दिलेले असतात, एक भर घालणारे आणि दुसरे विरोध दाखवणारे. विरोधाच्या गटात तीन शब्द असतील तर त्यांपैकी कोणता केव्हा घ्यायचा, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

मिलिंद_वाशी

स्वातीताई, मी गेली अनेक वर्षे एका कंपनीसाठी इंग्रजी अहवाल तपासतो. हाऊएव्हर, नेव्हरदलेस आणि व्हेअरॲज या तिन्हींचा अर्थ शेवटी 'पण' एवढाच आहे. एकच शब्द सारखा येऊ नये म्हणून आलटून पालटून वापरावेत, यापलीकडे त्यात फार काही नाही. मात्र एक नियम भाच्याला अवश्य सांगा. हाऊएव्हरने वाक्य कधीही सुरू करू नये, ती व्याकरणाची चूक आहे. हा शब्द नेहमी वाक्याच्या मध्ये यावा.

सचिव_कोपरखैरणे

हा धागा पाहून बरे वाटले, कारण व्हेअरॲज या शब्दाने मला बरेच दिवस छळले आहे. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या करारनाम्याचा मसुदा इंग्रजीत आला आहे आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक परिच्छेद व्हेअरॲजने सुरू होतो. मी शब्दकोशात पाहिले तर 'याउलट' असा अर्थ सापडला. तो लावून वाचले तर पहिला परिच्छेद म्हणतो की भूखंड सिडकोने भाडेपट्ट्याने दिला, आणि दुसरा म्हणतो की याउलट त्या भूखंडावर सोसायटीची इमारत उभी आहे. यात उलट काय आहे? मसुदा चुकला आहे का, आणि सभासदांना मी काय सांगावे?

शब्दयोगी_नौपाडा

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असे, आता निवृत्त आहे. प्रश्न तीन आले आहेत, परंतु त्यांचे मूळ एकच आहे, म्हणून सलग लिहितो.

मिलिंदराव, तिन्ही शब्दांत 'पण' आहे हे खरे, परंतु प्रत्येक 'पण' वाचकाला वेगळ्या गोष्टीचे आश्वासन देतो. ते ओळखण्याची माझी रीत अशी की जोडशब्दाच्या दोन्ही बाजूंची विधाने अदलाबदल करून पाहावीत. "ठाणे जुन्या तलावांभोवती वाढले, व्हेअरॲज नवी मुंबई १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने आखून वसवली." आता नवी मुंबई आधी आणि ठाणे नंतर ठेवा. अर्थाला धक्का लागत नाही. दोन शहरे एकाच प्रश्नासंदर्भात, म्हणजे शहर कसे घडले या प्रश्नासंदर्भात, शेजारी शेजारी उभी केली आहेत, आणि त्यांपैकी कोणाचीही बाजू लेखकाने घेतलेली नाही. व्हेअरॲजचे काम एवढेच आहे. मराठीत हे काम दुसऱ्या वाक्याच्या आरंभीचा 'तर' करतो.

आता हे पाहा. "घोडबंदर रस्त्यावर तासभर कोंडी होती. नेव्हरदलेस, आम्ही वेळेत पोहोचलो." येथे अदलाबदल करून पाहिली तर वाक्य कोसळते, कारण 'आम्ही वेळेत पोहोचलो, तरीही कोंडी होती' हे कोणी म्हणत नाही. याचे कारण असे की नेव्हरदलेस एक न लिहिलेले विधान आपल्याबरोबर घेऊन येतो. पहिली गोष्ट घडली की दुसरी घडू नये, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते, हे ते विधान होय. लेखक ती अपेक्षा मान्य करतो, तिचे वजनही मान्य करतो, आणि मग सांगतो की या वेळी तिला न जुमानता दुसरी गोष्ट घडली. जेथे अशी अपेक्षाच नाही तेथे नेव्हरदलेस लिहिला तर वाचक ती शोधत बसतो.

हाऊएव्हर या दोहोंच्या मध्ये आहे, म्हणूनच त्याचा सर्वाधिक गैरवापर होतो. त्याला अपेक्षाभंग चालतो आणि साधा विरोधही चालतो, परंतु तो निबंधाची दिशा वळवतो. "मेट्रोमुळे प्रवासाचा वेळ वाचेल. हाऊएव्हर, स्थानकापर्यंत पोहोचण्याची सोय नाही." असे लिहिणारा आता सोयीच्या अभावाविषयी बोलणार आहे. ही दोन विधाने उलट क्रमाने लिहिली तर व्याकरण शाबूत राहते, परंतु निबंध मेट्रोच्या बाजूने झुकतो, कारण हाऊएव्हरनंतर जे येते त्यावर लेखकाचा भर असतो.

वाक्यारंभाच्या नियमाविषयी. विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ च्या आपल्या पुस्तिकेत हा शब्द या अर्थाने वाक्याच्या आरंभी ठेवू नये असे म्हटले होते आणि तेथून तो सल्ला फार पसरला. तो शैलीचा सल्ला आहे. आज उत्तम इंग्रजी गद्यात वाक्यारंभी हाऊएव्हर सर्रास आढळतो आणि त्याला चूक म्हणता येत नाही. मात्र त्या सल्ल्यात एक उपयोगी निरीक्षण दडलेले आहे. वाक्याच्या मध्ये आलेला हाऊएव्हर आपल्या आधीच्या शब्दावर बोट ठेवतो. "नवी मुंबई, हाऊएव्हर, आखून वसवली गेली" याचा सूर 'नवी मुंबई मात्र' असा होतो. आपला 'मात्र' नेमका असाच ज्याचा वेगळेपणा दाखवायचा त्याच्या मागोमाग बसतो, त्यामुळे मराठी लिहिणाऱ्याला ही जागा शिकवावी लागत नाही, फक्त लक्षात आणून द्यावी लागते.

सचिवसाहेब, आपला मसुदा चुकलेला नाही. करारनाम्यातला व्हेअरॲज हा निबंधातला व्हेअरॲज नव्हे. तेथे त्याचा अर्थ 'ज्याअर्थी' असा आहे. तो करारामागची वस्तुस्थिती एकेक करून मांडतो आणि शेवटी 'त्याअर्थी आता उभय पक्षांत असे ठरले' असा भाग येतो. तेथे विरोध मुळीच नाही, पार्श्वभूमी आणि आधार आहे. सभासदांना प्रत्येक ठिकाणी 'ज्याअर्थी' असे वाचून दाखवा.

सचिव_कोपरखैरणे

फार आभारी आहे, सर. 'ज्याअर्थी' लावून सगळा मसुदा पुन्हा वाचला आणि तो सरळ उलगडला. या धाग्याचा विषय निबंधाचा होता हे आता लक्षात आले. तरी एक विचारतो. त्याच मसुद्याच्या मराठी प्रतीत एका कलमानंतर 'परंतु' असे लिहून नवे वाक्य सुरू केले आहे. तेही विरोधाचे नव्हे का?

शब्दयोगी_नौपाडा

ते कायद्याचे 'परंतु' आहे. आपल्या अधिनियमांच्या मराठी पाठांतही कलमानंतर असा 'परंतु' येतो आणि तो त्या कलमाला अपवाद किंवा अट जोडतो. निबंधातला 'परंतु' चर्चेची दिशा बदलतो, तर हा आधीचे कलम तसेच ठेवून त्याची व्याप्ती तेवढी कमी करतो. वकिलांकडून ती अट नीट समजून घ्या, कारण बहुतेक वेळा वाद तेथेच होतात.

अनुजा_कळवा

सर, मीही याच परीक्षेला बसते आहे. अदलाबदलीची कसोटी फार आवडली. मोअरओव्हरला अशी एखादी कसोटी आहे का? मला तो केवळ 'आणि' या शब्दाचे भारदस्त रूप वाटतो.

शब्दयोगी_नौपाडा

'आणि' कोणत्याही दोन गोष्टी जोडू शकतो, मोअरओव्हर तसे करू शकत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंची विधाने एकाच तिसऱ्या विधानाचा पुरावा असावी लागतात. म्हणून विचारायचे ते असे : ही दोन्ही वाक्ये मिळून काय सिद्ध करतात? त्याचे उत्तर एका वाक्यात देता आले तर मोअरओव्हर ठेवावा, देता आले नाही तर काढावा. शिवाय दुसरा पुरावा पहिल्यापेक्षा दुबळा असू नये, कारण हा शब्द वाचकाला 'एवढेच नव्हे' असे सांगतो आणि त्यानंतर किरकोळ गोष्ट आली तर आधीचा मुद्दाही हलका पडतो.

आता स्वातीताईंच्या भाच्याचा परिच्छेद घेऊ. पहिली दोन वाक्ये मिळून काय सांगतात? या खाडीचे महत्त्व अधिकृतपणे मान्य झाले आहे. राज्याने अभयारण्य केले, पुढे आंतरराष्ट्रीय यादीत स्थान मिळाले. पुरावा चढत जातो, म्हणून पहिला मोअरओव्हर अगदी योग्य आहे. तिसऱ्या वाक्यात लोकवस्ती आणि कारखाने येतात. ते महत्त्वाचा पुरावा नाहीत, तेथून संकटाची बाजू सुरू होते. म्हणजे दिशा तिसऱ्या वाक्यात वळली आहे आणि वळणाचा शब्द चौथ्या वाक्यात लावला आहे. सगळ्या परिच्छेदात लागणारी ठेच मुख्यतः येथली आहे. हाऊएव्हर एक वाक्य वर न्यावा.

तसे केल्यावर चौथ्या वाक्याला, सांडपाण्याच्या वाक्याला, कोणताच विरोधी शब्द लागत नाही. वस्ती आणि कारखाने आहेत म्हणून सांडपाणी आहे, एवढा संबंध वाचक स्वतः जोडतो. भाच्याला शिकवलेला नियम येथे थेट नुकसान करतो, कारण जेथे संबंध उघड आहे तेथे शब्द घालायचाच म्हटले की हाताशी येईल तो घातला जातो.

शेवटच्या वाक्यातल्या व्हेअरॲजमध्ये दोन दोष आहेत. पहिला दोष रचनेचा. व्हेअरॲज हे उभयान्वयी अव्यय आहे, ते एकाच वाक्यातली दोन उपवाक्ये जोडते. पूर्णविरामानंतर त्याला एकटे उभे केले की वाक्य अर्धे राहते, आणि त्याच्यापुढे स्वल्पविरामही देत नाहीत. हाऊएव्हर, मोअरओव्हर आणि नेव्हरदलेस यांची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे. ती क्रियाविशेषणे असल्यामुळे दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडू शकत नाहीत. त्यांच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा आणि नंतर स्वल्पविराम. मिलिंदराव, अहवालांत आपण तपासावी अशी खरी चूक ही आहे. दुसरा दोष तर्काचा. अभयारण्याबाहेरच्या पाणथळ जागा कशाच्या तुलनेत मांडल्या आहेत? आधीचे वाक्य पक्षी येण्याविषयी आहे आणि हे वाक्य सीमेविषयी. दोन्ही बाजू एकाच प्रश्नाचे उत्तर देत नसतील तर व्हेअरॲज लंगडा पडतो. त्याची जोडी पहिल्या वाक्याशी आहे, तेथे खाडीचा भाग अभयारण्यात आहे असे म्हटले आहे.

पाचव्या वाक्यातला नेव्हरदलेस मला योग्य वाटतो. सांडपाणी मिसळते, तरीही पक्षी येतात. अपेक्षा आहे आणि अपेक्षाभंगही आहे.

मिलिंद_वाशी

सर, स्वल्पविरामाचा मुद्दा पूर्णपणे मान्य, आमच्याकडे तो दर दुसऱ्या अहवालात आढळतो. वाक्यारंभीच्या हाऊएव्हरविषयी मात्र माझे मत मी थोडेसे राखून ठेवतो. नियम नसेल, पण जो लेखक तो शब्द आत नेतो त्याला कशाचा कशाशी विरोध आहे याचा विचार करावाच लागतो. वाक्यारंभी तो विचार न करताही टाकता येतो.

शब्दयोगी_नौपाडा

हे अगदी योग्य बोललात, त्यावर माझा वाद नाही. एक जोडतो. ज्या हाऊएव्हरपुढे स्वल्पविराम नसतो आणि लगेच विशेषण किंवा क्रियाविशेषण येते तो शब्द निराळा, त्याचा अर्थ 'कितीही' असा होतो. 'कितीही प्रयत्न केला तरी' या अर्थाच्या वाक्यात विद्यार्थी सवयीने स्वल्पविराम देतात आणि अर्थ बिघडतो.

पाणथळ_सीवूड्स

मी इंग्रजीतला जाणकार नाही, परंतु गेली काही वर्षे खाडीवर पक्षी पाहतो, म्हणून पाचव्या वाक्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. 'सांडपाणी मिसळते, तरीही फ्लेमिंगो येतात' हे वाक्य ऐकायला सरळ आहे, पण ते जे गृहीत धरते तेच शंकास्पद आहे. येथे मोठ्या संख्येने येणाऱ्या लहान फ्लेमिंगोचे मुख्य अन्न नीलहरित शेवाळ आहे. सांडपाण्यातून येणाऱ्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर असे शेवाळ वाढते. त्यामुळे खाडीतल्या सांडपाण्याने फ्लेमिंगोंना अन्न पुरवण्यास हातभार लावला आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर येथे 'तरीही' कसा चालेल? 'काही अंशी त्यामुळेच' असे म्हणावे लागेल.

दुसरे असे की नेरूळच्या पाणथळ जागांचा संबंध त्या परिच्छेदात कोठेच सांगितलेला नाही. भरतीच्या वेळी खाडीतला चिखलाचा पट्टा पाण्याखाली जातो, पक्ष्यांना चरता येत नाही, आणि ते तेवढा वेळ काठालगतच्या उथळ पाणथळ जागांवर येऊन थांबतात. हे सांगितले तरच अभयारण्याच्या आत आणि बाहेर हा फरक वाचकाला कळेल. मात्र त्या जागांना 'संरक्षण नाही' असे सरसकट लिहू नये, त्या अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत एवढेच म्हणावे. भाच्याने तेवढेच म्हटले आहे हे पाहून बरे वाटले.

शब्दयोगी_नौपाडा

आपण माझ्या नजरेतून सुटलेली गोष्ट दाखवलीत, मनापासून आभार. नेव्हरदलेसमागचे न लिहिलेले विधान खरे आहे की नाही, हे भाषा जाणणारा एकटा ठरवू शकत नाही, त्यासाठी विषय जाणणारा लागतो. सांडपाणी वाढले की पक्षी कमी व्हावेत, हे विधान भाच्याने कोठेही लिहिलेले नाही, आणि तरीही त्या एका शब्दाने त्याने ते परीक्षकापुढे ठेवले आहे. पर्यावरणाचा जाणकार परीक्षक त्यावर बोट ठेवील.

अनुजा_कळवा

मला मात्र येथे नेव्हरदलेस पूर्णपणे बाद करावासा वाटत नाही. सामान्य वाचकाची अपेक्षा हीच असते की घाण पाण्यात पक्षी येणार नाहीत. निबंध वाचणारा त्या अपेक्षेसह वाचतो. मग ती अपेक्षा आधी नेव्हरदलेसने मान्य करून, लगेच पुढच्या वाक्यात शेवाळाचे कारण देऊन ती का फसवी आहे हे दाखवले, तर तो शब्द खोटा कसा?

पाणथळ_सीवूड्स

तसे केल्यास माझी हरकत नाही, अट एवढीच की पुढचे वाक्य यायलाच हवे. नुसता 'तरीही' लिहून थांबलेला निबंध फ्लेमिंगोंना चमत्कार बनवतो, आणि सांडपाणी असेच येत राहिले तर काय होईल हा प्रश्न कोणी विचारत नाही. पोषकद्रव्ये एका मर्यादेपर्यंत शेवाळ वाढवतात. प्रदूषण फार वाढले की पाण्यातला प्राणवायू घटतो, आणि सांडपाण्याबरोबर कारखान्यांतली रसायनेही येतात. खाडी नक्की कोणत्या टप्प्यावर आहे याविषयी मी ठामपणे बोलणार नाही.

स्वाती_ऐरोली

सर्वांचे आभार. भाच्याने हा धागा वाचून परिच्छेद पुन्हा लिहिला आहे. जोडशब्द पूर्वीप्रमाणेच मूळचे ठेवले आहेत.

"ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला; मोअरओव्हर, २०२२ मध्ये या क्षेत्राला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ही खाडी, हाऊएव्हर, दोन्ही बाजूंनी दाट लोकवस्तीने आणि कारखान्यांनी वेढलेली आहे. शहरांचे सांडपाणी तिच्यात मिसळते. नेव्हरदलेस, फ्लेमिंगो दरवर्षी हजारोंच्या संख्येने येतात, आणि त्याचे एक कारण असे सांगितले जाते की त्यांचे खाद्य असलेले शेवाळ याच सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर वाढते. त्यांचे चरण्याचे क्षेत्र अभयारण्यात आहे, व्हेअरॲज भरतीच्या वेळी ते जेथे थांबतात त्या काही पाणथळ जागा अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत."

पूर्वी सहा वाक्यांत पाच जोडशब्द होते, आता पाच वाक्यांत चार आहेत. म्हणजे संख्या फारशी कमी झालेली नाही, आणि तरीही वाचताना ठेच लागत नाही. त्याचा स्वतःचा प्रश्न असा आहे की शेवटच्या वाक्यात व्हेअरॲज राहू द्यावा की तेथेही हाऊएव्हर घ्यावा, कारण पुढचा परिच्छेद या सीमेबाहेरच्या जागांविषयीच आहे.

शब्दयोगी_नौपाडा

पुढचा परिच्छेद त्या जागांविषयी असेल तर दिशा वळते आहे, म्हणून मी पूर्णविराम देऊन हाऊएव्हर घेईन. मात्र मग एका परिच्छेदात दोन वळणे होतात. पहिले वळण महत्त्वाकडून संकटाकडे आणि दुसरे खाडीच्या आतून बाहेर. दोन हाऊएव्हर पाठोपाठ आले की लेखक शेवटी कोणत्या बाजूला उभा आहे हे वाचकाला कळेनासे होते. त्यावर उपाय म्हणजे ते वाक्य येथून काढून पुढच्या परिच्छेदाचे पहिले वाक्य करणे. तेथे हाऊएव्हर एकटा असेल आणि त्याच्यामागे पूर्ण परिच्छेदाचे बळ असेल.

अनुजा_कळवा

सर, मी असते तर व्हेअरॲजच ठेवला असता. आतली जागा आणि बाहेरची जागा एका वाक्यात शेजारी दिसली तरच सीमारेषा पक्ष्यांच्या दिनक्रमाला कशी मध्येच छेदते हे कळते. वाक्य पुढे नेले की अर्धी तुलना मागे राहते. पुढचा परिच्छेद मग जोडशब्दाशिवाय 'या जागा' अशा शब्दांनी सुरू करता येईल.

स्वाती_ऐरोली

दोन्ही रचना त्याला पाठवल्या आहेत. त्याने तूर्त अनुजाची निवडली आहे, कारण त्याच्या पुढच्या परिच्छेदाचे पहिले वाक्य आधीच 'या जागा' असे सुरू होते. सरांची रचना तो दुसऱ्या निबंधात करून पाहणार आहे, तेव्हा तो परिच्छेदही येथे देईन.